हॉस्पिटलचं डिटेल बिल भरायच्या आधी तारखेनुसार कसं तपासायचं

डिस्चार्जच्या दिवशी हातात बिल येतं तेव्हा बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात, अ‍ॅडव्हान्स किती भरला होता ते वजा करतात आणि काउंटरला उभे राहतात. फार झालं तर बेरीज बरोबर आहे का ते बघतात. पण बेरीज कॉम्प्युटर करतो, ती सहसा चुकत नाही. चूक असते ती एखादी ओळ दोनदा पडण्यात, परत केलेलं औषध वजा न होण्यात, पेशंट ज्या दिवशी त्या वॉर्डात नव्हताच त्या दिवसाचा चार्ज लागण्यात. आणि ही चूक नुसतं बिल वाचून सापडत नाही, कारण बिल स्वतःशी नेहमी जुळतंच. ते दुसऱ्या कागदांशी लावून बघावं लागतं.

कोण मागू शकतं, कधी मागायचं

पेशंट स्वतः मागू शकतो, किंवा अ‍ॅडमिशन फॉर्मवर ज्याचं नाव आणि सही आहे तो नातेवाईक. तिसरंच कोणी धावपळ करत असेल तर पेशंटच्या सहीचं दोन ओळींचं पत्र आणि दोघांच्या ओळखपत्राची कॉपी जवळ ठेवा, कारण बिलात आजाराची माहिती असते त्यामुळे अनोळखी माणसाला ते सहजासहजी देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

काउंटरला नुसतं "बिल द्या" म्हटलं की गोळाबेरीज बिल मिळतं, म्हणजे रूम इतके, औषधं इतकी, तपासण्या इतक्या, असं पाच-सात ओळींचं. त्यातून काहीच कळत नाही. "तारखेप्रमाणे, प्रत्येक आयटमची ओळ असलेलं डिटेल बिल द्या" असं स्पष्ट सांगा. आणि शक्य असेल तर डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच त्या दिवसापर्यंतचं इंटरिम बिल मागून घ्या, कारण डिस्चार्जच्या दिवशी गाडी खाली उभी, पेशंट थकलेला, मागे रांग, अशा वेळी पंधरा पानं कोण वाचणार.

सोबत लागणारे कागद असे: डिस्चार्ज समरी, फार्मसीची सगळी बिलं आणि औषध परत केल्याच्या रिटर्न स्लिपा, तपासण्यांचे रिपोर्ट, भरलेल्या डिपॉझिटच्या पावत्या, इन्शुरन्स असेल तर मंजुरीचं पत्र. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ड्रग चार्ट, ज्यावर सिस्टर प्रत्येक डोसची वेळ टाकून सही करतात. त्याची कॉपी देण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, काही जागी लेखी अर्ज आणि थोडी फी लागते, पण कॉपी नाही मिळाली तरी वॉर्डात सिस्टरसमोर बसून बघू द्या अशी विनंती करता येते.

आधी स्वतःचा दिवसवार तक्ता

बिल उघडायच्या आधी एक साधा कागद घ्या. डावीकडे तारखा, आणि प्रत्येक तारखेसमोर पेशंट कुठे होता, काय झालं, कोण डॉक्टर बघून गेले. घरच्यांचे मेसेज, फोनमधले फोटो, सगळं कामाला येतं, त्यात वेळा असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा पेशंट १० तारखेला रात्री १०:४० ला अ‍ॅडमिट झाला, तिथून आयसीयूत गेला. १२ तारखेला दुपारी ४ ला वॉर्डात हलवला. १५ तारखेला दुपारी १ ला डिस्चार्ज. बिलात आयसीयूचे ३ दिवस लावलेत, १०, ११, १२. आणि वॉर्डाचे ४ दिवस, १२, १३, १४, १५. बघायला सगळं नीट वाटतं, तारखा सलग आहेत, पण १२ तारीख दोन्हीकडे आलीय.

आता बेडचा दिवस मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. काही हॉस्पिटलं मध्यरात्री पेशंट ज्या बेडवर आहे त्या बेडचा दिवस धरतात. त्या हिशोबाने १० आणि ११ च्या रात्री आयसीयू, १२, १३, १४ च्या रात्री वॉर्ड, म्हणजे २ आणि ३, एकूण ५. काही जण अ‍ॅडमिट झाल्यापासून २४ तासांचा एक दिवस धरतात, तसं केलं तर ४ दिवस १४ तास २० मिनिटं होतात आणि उरलेल्या तासांचा पूर्ण दिवस लावला तरी ५ च. काही ठिकाणी सरळ कॅलेंडरची तारीख धरतात, तेव्हा १० ते १५ अशा ६ तारखा. बिलात ७ आहेत. यातल्या कुठल्याच पद्धतीत ७ बसत नाहीत. म्हणून काउंटरवर भांडत न बसता एकच प्रश्न विचारायचा, "तुमच्याकडे बेडचा दिवस कसा मोजतात आणि शिफ्टिंगच्या दिवशी कुठल्या बेडचा चार्ज लागतो, ते तुमच्या दरपत्रकात दाखवा." शिफ्टिंगच्या दिवशी दोन्ही लावायचे असा नियम खरंच लिहिलेला असेल तर तो निदान लेखी तरी दिसेल, आणि नसेल तर १२ तारखेची एक ओळ जायलाच हवी.

औषधं: आलेली, दिलेली, परत गेलेली

इथे माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा. कारण फार्मसीतून औषध निघालं की बिलाला चिकटतं, पण पेशंटला ते दिलं की नाही हे बिलाला माहीतच नसतं.

त्याच पेशंटचं अँटिबायोटिक इंजेक्शन घ्या, दर ८ तासांनी एक व्हायल. सुरुवात ११ तारखेला सकाळी ६ ला, मग दुपारी २ आणि रात्री १०. शेवटचा डोस १४ ला सकाळी ६ ला, त्यानंतर गोळी सुरू. म्हणजे ११, १२, १३ चे तीन-तीन, आणि १४ चा एक, एकूण १०. ड्रग चार्ट बघितला तर १२ तारखेच्या दुपारी २ च्या डोसभोवती गोल केलेला आणि बाजूला लिहिलंय की पेशंट स्कॅनला गेलेला, डोस दिला नाही. म्हणजे प्रत्यक्ष ९. फार्मसीने ११ ला ६ आणि १३ ला ६ अशा १२ व्हायल पाठवल्या, १४ ला वॉर्डातून ३ परत गेल्या, त्याची स्लिप फाईलमध्ये आहे. १२ वजा ३, म्हणजे ९, हिशोब चोख लागला. पण बिलात १२ च आहेत आणि रिटर्नची वजा ओळ कुठेच नाही. तुमचा मुद्दा तयार झाला, तोही स्लिपच्या नंबरासकट.

इथे घाई मात्र करू नका. न दिलेल्या डोसची व्हायल आधीच फोडून तयार केलेली असू शकते, मग ती परत जात नाही. किंवा एका डोसला दोन व्हायल लागत असतील. म्हणून आधी सिस्टरला विचारा, मग बिलिंगला. आणि सगळी औषधं अशी मोजत बसायची गरज नाही, महागातली चार-पाच इंजेक्शनं निवडून मोजा.

तपासण्या: दोनदा दिसलं म्हणजे डबल असं नाही

आयसीयूत पोटॅशियम कमी-जास्त होत असेल तर तीच तपासणी दिवसातून तीनदा खरीच होते. ओळखायचं कसं, तर रिपोर्टवरून. प्रत्येक रिपोर्टवर सॅम्पल नंबर आणि सॅम्पल घेतल्याची वेळ असते. तीन ओळी असतील तर तीन वेगवेगळे नंबर आणि तीन रिपोर्ट हवेत. आपल्या उदाहरणात ११ तारखेला सीबीसीच्या दोन ओळी आहेत, ६:१० आणि ६:४० च्या, आणि रिपोर्ट एकच. लॅबला विचारल्यावर कळतं की पहिल्या ट्यूबमध्ये रक्त गोठलं म्हणून परत घेतलं. गोठलेल्या सॅम्पलमधून रिझल्ट मिळतच नाही, मग त्याचा चार्ज पेशंटने का द्यायचा, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो विचारायचाच.

दुसरा प्रकार जरा लपलेला असतो. इलेक्ट्रोलाइट पॅनलची एक ओळ, आणि त्याच वेळेला सोडियमची वेगळी, पोटॅशियमची वेगळी. नावं वेगळी असल्यामुळे डुप्लिकेट वाटत नाही, पण सोडियम आणि पोटॅशियम त्या पॅनलमध्येच येतात. लिव्हरच्या पॅनलसोबत बिलिरुबिन वेगळं लावलेलं असेल तर तेच.

किटचंही असंच. "ड्रेसिंग किट" लावलंय आणि खाली गॉज, ग्लोव्हज, टेप परत सुटे लावलेत, तर किटमध्ये काय काय असतं त्याची यादी मागा. आणि "इतर", "प्रोसिजर चार्जेस", "कन्झ्युमेबल्स" अशी एकच मोठी रक्कम दिसली की तिची फोड मागायची, काय, किती, कोणत्या तारखेला. फोड मिळाल्याशिवाय ती ओळ बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही.

तारीख जुळत नसेल तर

बिलातली तारीख दोन प्रकारची असते, सेवा दिली ती आणि कॉम्प्युटरमध्ये एंट्री केली ती. १३ ला रात्री काढलेला एक्स-रे १४ ला चढवला असेल तर त्यात चूक काही नाही. पण १५ तारखेला संध्याकाळी ६ ला डॉक्टरांची व्हिजिट लावलीय आणि पेशंट दुपारी १ लाच गेला, तर विचारा ही व्हिजिट नक्की कधीची. "१४ ची आहे, एंट्री उशिरा झाली" असं उत्तर येईल. मग लगेच १४ तारीख बघा, तिथे त्याच डॉक्टरांची व्हिजिट आधीच लागलेली असेल आणि केसपेपरवर त्या दिवशी त्यांची नोंद एकदाच असेल, तर उशिरा झालेली एंट्री ही खरं म्हणजे डबल एंट्री आहे. अशी उत्तरं तिथेच सोडून देऊ नका, उत्तरात आलेली तारीख उघडून बघा.

हरकत कशी द्यायची

तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हवेत जातं, म्हणून लेखी द्या. लांबलचक तक्रार नको, पेशंटचं नाव, अ‍ॅडमिशन नंबर, बिल नंबर, आणि खाली एकेक मुद्दा असा: "पान ४, ओळ १७, अँटिबायोटिक इंजेक्शन १२ नग. १४ तारखेला ३ परत, रिटर्न स्लिप सोबत. ३ नग वजा करावेत." प्रत्येक मुद्द्याला पान, ओळ, आणि पुरावा. शेवटी लिहा की प्रत्येक ओळ कमी करावी, दुरुस्त करावी किंवा कारण लेखी द्यावं. दोन कॉपी काढा आणि आपल्या कॉपीवर तारीख, सही, शिक्का घ्या. काउंटरवरच्या माणसाला बहुतेक वेळा बिल बदलायचा अधिकार नसतो, त्याच्यावर आवाज चढवून काही होत नाही, बिलिंग मॅनेजर किंवा अकाउंट्सकडे कागद जाऊ द्या.

त्याच दिवशी निकाल लागत नसेल तर वाद नसलेली रक्कम भरून बाकीची तपासणीनंतर भरू असं विचारून बघा, ते मान्य करतील असं नाही. पूर्ण भरावंच लागलं तर हरकतीच्या कागदावर आणि पावतीच्या कॉपीवर "हरकत नोंदवून रक्कम भरली" असं लिहून सही घ्या, म्हणजे नंतर परतावा मागताना "तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत" असं कोणी म्हणणार नाही.

बिल दुरुस्त झालं की नवीन बिल पूर्ण छापून घ्या, जुन्यावर पेनाने खाडाखोड चालवून घेऊ नका. नवीन बिलाचा नंबर किंवा तारीख-वेळ वेगळी आहे ना, कमी केलेल्या ओळी खरंच गेल्यात ना की खाली नुसता डिस्काउंट दाखवलाय, आणि सगळ्या डिपॉझिटच्या पावत्या त्यात वजा झाल्यात ना, हे बघा. डिस्काउंट दाखवला असेल तर चुकीची ओळ बिलात तशीच राहते आणि इन्शुरन्सच्या क्लेममध्येही तीच जाते. जुनं बिल आधीच इन्शुरन्स कंपनीकडे गेलं असेल तर दुरुस्त बिल पाठवल्याची पोच हॉस्पिटलकडून मागून घ्या आणि पावतीला जोडून ठेवा.