खोलीच्या मापावरून एसीचा टन ठरवणे

एसीचा टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट उष्णता खोलीबाहेर काढतो. मुंबईत रूढ असलेला ठोकताळा १०० ते १२० चौरस फुटांना एक टन असा आहे, पण त्यात छत नऊ-दहा फुटांवर असल्याचे गृहीत धरलेले असते. नव्या टॉवरमध्ये ते जमून जाते. गिरगाव, दादरच्या जुन्या इमारतींत छत बारा फुटांवरही असते, आणि तिथे हिशेब चुकतो.

अशा इमारतीतली १२ बाय १० फुटांची खोली घेऊ. माप भिंतीपासून भिंतीपर्यंत टेपने घ्यावे, करारनाम्यातला आकडा घेऊ नये. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, उंची १२ फूट, म्हणून घनफळ १,४४० घनफूट. याला प्रमाण उंची १० ने भागले की १४४ येतात, म्हणजे ही खोली १४४ चौरस फुटांची समजायची. १२० ला एक टन धरल्यास गरज १.२ टन निघते. पोटमाळा दार लावून बंद केलेला असेल, तर त्याचे घनफळ आधी वजा करावे.

बाजारात मात्र नेहमीची मापे एक आणि दीड टनाची. निवड करताना हे लक्षात घ्यावे की उंचीचा हा गुणाकार गरज थोडी फुगवूनच दाखवतो. या खोलीत जेमतेम ४७ किलो हवा मावते. ती ३२ अंशांवरून २४ वर आणायला आणि पावसाळी दमटपणातले सुमारे अर्धा लिटर पाणी काढायला एक टनाच्या यंत्राला दहा मिनिटेही पुरतात, आणि त्यातही बहुतेक वेळ पाण्यापायी जातो. पुढचे सगळे काम उन्हाने तापलेल्या भिंती, खिडक्या, माणसे आणि फटींतून येणारी बाहेरची हवा यांच्यासाठी चालते. म्हणून मधल्या मजल्यावर, एकच बाहेरची भिंत आणि दोन माणसे असतील तर दारावरचे झरोके बंद करून एक टन चालतो. वर तापणारी गच्ची असेल किंवा पश्चिमेची भिंत उन्हात असेल, तर दीड टनच घ्यावा.

‘मोठा घेतला की झाले’ हा सल्ला मुंबईत विशेष महागात पडतो. ठरावीक वेगाचा मोठा एसी खोली चटकन गार करून कॉम्प्रेसर बंद करतो. कॉइल पुन्हा कोमट होते आणि हवेतला ओलावा पुरेसा निघत नाही. आकडा २४ दाखवत असूनही अंग चिकट राहते, चादर दमट लागते आणि कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी चालू-बंद होताना ऐकू येतो. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून चालत राहतो, त्यामुळे १.२ सारख्या अधल्यामधल्या गरजेला दीड टनाचा इन्व्हर्टर सोयीचा पडतो. माप लहान पडल्याची खूण उलटी असते: दुपारी कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि तरीही खोली ठरवलेल्या तापमानाला पोचत नाही.