ब्रेन स्कॅनमधला लाल ठिपका आणि सेमिनारला विचारायचे प्रश्न

पुढच्या शनिवारी आमच्या बडोद्यात मेंदूच्या स्कॅनवर सेमिनार आहे. भाची सायकॉलॉजी शिकतेय, तिने फर्मान काढलं, "मामा, तू एवढं वाचतोस, मला विचारायला प्रश्न काढून दे ना, पण सरांना राग येईल असे नको." राग न येणारे प्रश्न मला जमत नाहीत, तरी बघू.

पहिला अगदी साधा: सर, स्कॅनच्या चित्रातला हा लाल रंग सुरू कुठून होतो?

कारण मशीनला रंग दिसतच नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे माणूस काहीतरी करत असताना मेंदूचा जो स्कॅन काढतात त्यात, मेंदूचे बारीक बारीक ठोकळे पाडलेले असतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात, साधारण तीन मिलिमीटरचे. एखादा भाग जास्त काम करायला लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं आणि सिग्नल जरासा वाढतो, जरासा म्हणजे एखादा टक्का, तोही पाच-सहा सेकंद उशिराने. मग दोन कामांच्या वेळचा फरक काढायचा, चेहरे बघताना वजा घरं बघताना असं, तो नेहमीच्या चढउताराच्या मानाने किती मोठा आहे ते प्रत्येक ठोकळ्यासाठी मोजायचं, आणि शेवटी माणूस ठरवतो की अमुक आकड्याच्या वर रंग, खाली काही नाही. आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला की नुसत्या उंच गच्च्या दिसतात, म्हणून खाली घरंच नाहीत असं कोणी म्हणतं का? करड्या भागातला मेंदू पण चालूच असतो, फक्त तिथला फरक रेषेच्या खाली राहिलेला असतो. त्यामुळे "प्रेमात पडल्यावर मेंदूचा हाच भाग पेटतो" छाप बातमी वाचली की मी आधी विचारतो, कशाच्या तुलनेत पेटतो?

आता माशाची गोष्ट, ही तिला सांगितलीच. मेंदूवर संशोधन करणाऱ्या क्रेग बेनेट आणि त्याच्या साथीदारांनी 2009 मध्ये एका कॉन्फरन्सला पोस्टर लावलं होतं. त्यांनी सालमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाला काय वाटत असेल ते ओळख असं रीतसर विचारलं. मासा मेलेला होता. तरी मेंदूच्या जागी ठिपके आले! यात गंमत आहे ती हिशोबाची. त्यांनी तपासले 8064 व्हॉक्सेल आणि रेषा ठेवली हजारात एकची, म्हणजे काहीच घडत नसताना हजार ठिकाणी बघितलं तर एखादं ठिकाण उगाच पास होणार. एक ठिकाण बघणाऱ्यासाठी ही रेषा कडक वाटते पण आठ हजार ठिकाणी बघितलं की आठेक फुकटचे पास होणं साहजिकच आहे, त्यांचे 16 निघाले. मग इतक्या ठिकाणी बघितल्याची दुरुस्ती हिशोबात केली आणि सगळे ठिपके गायब. माणसाच्या मेंदूत तर असे दहा-दहा हजारांनी ठोकळे असतात. म्हणून दुसरा प्रश्न: किती जागी चाचणी केली आणि त्याची दुरुस्ती केली का? या माशाला 2012 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, आणि मला तरी ते खऱ्या नोबेलपेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

तिसरा प्रश्न सँपलचा, आणि इथेच माझ्या मते खरी गडबड आहे. सगळे म्हणतात कमी माणसं घेतली तर काही सापडत नाही. मला भीती उलटी वाटते, सापडतं ते फुगलेलं असतं. समजा 16 जण घेतले आणि बघितलं की मेंदूच्या एका भागाचा सिग्नल आणि चिंतेचा स्कोअर एकत्र वरखाली होतात का. हा संबंध किती घट्ट आहे ते शून्य ते एकच्या मापात मोजतात, आणि 16 जणांमध्ये तो साधारण 0.5 च्या वर गेला तरच "सिग्निफिकंट", म्हणजे नुसता योगायोग नसावा असा, ठरतो. खरा संबंध जर 0.1 असेल तर तो त्या गाळणीतून जाणारच नाही, नशिबाने फुगून 0.5 झाला तेव्हाच छापून येणार, म्हणजे छापलेला आकडा पाचपट मोठा. 2022 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात सुमारे 50,000 लोकांच्या स्कॅनवर मोठं काम आलं, त्यात माणसामाणसांतले असे संबंध इतके बारीक निघाले की पुन्हा तपासल्यावर टिकलेला सगळ्यात मोठा 0.16 च्या आसपास होता. आणि अशा अभ्यासांत नेहमी माणसं किती असतात, तर पंचवीसेक.

भाची लगेच म्हणाली, मग छोटे अभ्यास सगळे फेकून द्यायचे का? नाही ग. चित्र दाखवलं की डोक्याच्या मागचा दृष्टीचा भाग जागा होतो, हे जवळपास प्रत्येकात दिसतं आणि एकेका माणसात पुन्हा पुन्हा तपासता येतं, तिथे दहा-बारा माणसं पण चालतील. अडचण होते ती कोण जास्त चिंता करतो, कोण हुशार असले फरक स्कॅनवरून काढायला गेलं की. तर तू विचार की हा दावा प्रत्येकात दिसणाऱ्या गोष्टीचा आहे की माणसामाणसांतल्या फरकाचा. उत्तर "सोळाच जण आहेत, पण इफेक्ट फार स्ट्राँग आला" असं आलं तर लगेच पुढचं विचारायचं, मग दुसऱ्या सोळा जणांवर किती आला?