आधी उत्तर, मग व्याख्या: लिमिटच्या सात दिवसांच्या शिकवणीमागचा इतिहास

अकरावीच्या पुस्तकात आधी लिमिट येते आणि मग डेरिव्हेटिव्ह. इतिहासात हा क्रम नेमका उलटा होता. न्यूटनने बदलाचा दर काढायची आपली रीत १६६५-६६च्या सुमारास बसवली, लायब्नित्सने स्वतःची रीत १६८४मध्ये छापली, आणि लिमिटची नीट व्याख्या मात्र १८२१ उजाडेपर्यंत आली नाही. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं माणसं कॅल्क्युलस वापरत होती, ग्रहांच्या कक्षा काढत होती, आणि त्याच्या पायाशी असलेली गोष्ट कुणालाच धडपणे सांगता येत नव्हती. मुलांना पहिल्याच तासाला आपण ही व्याख्या देतो आणि ती गोंधळली की त्यांना गणित जमत नाही असं म्हणतो. कॅल्क्युलसला घाबरणाऱ्या मुलांसाठी रोज एक तास, असा सात दिवसांचा जो आराखडा इथे मांडला आहे, तो हा क्रम पुन्हा सरळ करतो. आधी आकडे, मग शंका, आणि शंका चांगली मुरल्यावर व्याख्या.

पहिला दिवस आर्किमिडीजचा, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्याने वर्तुळाच्या आत एक आणि बाहेर एक षटकोन काढला आणि बाजू दुप्पट करत ९६ बाजूंपर्यंत नेल्या. व्यास 1 धरला तर आतल्या षटकोनाची परिमिती 3 आणि बाहेरच्याची सुमारे 3.464. बारा बाजूंना हेच आकडे 3.106 आणि 3.215 होतात, ९६ बाजूंना 3.1410 आणि 3.1427. मुलांनी हे आकडे एकाखाली एक लिहायचे आणि पाहायचं की आतला वाढतोय, बाहेरचा घटतोय आणि वर्तुळाचा परीघ दोघांच्या मधे अडकलाय. लिमिट हा शब्दही या दिवशी उच्चारायचा नाही. दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणं एवढंच हाताला लागलं तरी पुढच्या आठवड्याचं निम्मं काम झालं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि आराखड्यातले दोन दिवस तिलाच द्यावेत असं माझं ठाम मत आहे. y = x² या वक्राचा x = 3 पाशी चढ किती? 3 पासून h इतकं पुढे जाऊन सरासरी चढ काढायचा:

((3+h)² − 9) / h = (6h + h²) / h = 6 + h

h ला 0.1 घेतलं तर 6.1, 0.01 घेतलं तर 6.01, मागच्या बाजूने −0.1 घेतलं तर 5.9. सगळं 6 कडे चाललंय हे कुणालाही दिसतं. मग शिक्षक सांगतात, आता h शून्य करा, उत्तर 6. इथे वर्गातलं एखादं मूल विचारतं, आत्ताच तर h ने भागलं, म्हणजे तो शून्य नव्हता ना, मग आता शून्य कसा झाला?

हा प्रश्न छापील स्वरूपात १७३४मध्ये आला. जॉर्ज बर्कली या आयरिश बिशपने न्यूटनच्या अनुयायांना नेमकं हेच विचारलं होतं. त्याचं म्हणणं असं की, वाढ आहे असं गृहीत धरून तुम्ही भागाकार करता, मग वाढ नाही असं म्हणता, पण पहिलं गृहीत काढून घेतलं तर त्यावर उभं केलेलं उत्तरही पडायला हवं. या नाहीशा होणाऱ्या राशींना दिवंगत राशींची भुतं म्हणावं का, असं त्याने विचारलं. उत्तरं बरोबर येतात हे त्यालाही मान्य होतं, त्याचा आक्षेप युक्तिवादावर होता. त्या काळच्या इंग्लंडमधल्या मोठ्या गणितज्ञांना त्याला उत्तर देताना कष्ट पडले. तेव्हा वर्गात हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला "तसंच असतं, पाठ कर" असं सांगणं म्हणजे त्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा विचार दाबून टाकणं आहे. भीती बहुतेक वेळा इथेच जन्मते, असं मला वाटतं. ज्या मुलांना काहीच खटकत नाही ती सूत्र लावून पुढे जातात, ज्यांना खटकतं तीच अडतात.

म्हणून तिसऱ्या दिवशी बर्कलीचा आक्षेप फळ्यावर लिहायचा आणि मुलांना उत्तर शोधू द्यायचं. त्याला जोड म्हणून भास्कराचार्यांचं एक उदाहरण फार उपयोगी पडतं. ११५०च्या 'लीलावती'त शून्याच्या गणितात ते विचारतात: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचाच अर्धा भाग मिळवला, आलेल्याला तीनने गुणलं आणि शून्याने भागलं, तर 63 येतात, ती संख्या कोणती? उत्तर 14. आजच्या नियमाप्रमाणे हे गणित मांडताच येत नाही. पण भास्कराचार्यांचा नियम असा की पुढे गणित शिल्लक असेल तर शून्याने गुणलेल्या राशीचं लगेच शून्य करू नये, शून्य हा गुणक म्हणून तसाच ठेवावा, आणि पुढे शून्यच भाजक आला तर राशी पूर्ववत समजावी. ग्रहगणितात याचा मोठा उपयोग होतो, असंही ते म्हणतात.

मुलांना इथे शून्याच्या जागी h लिहायला सांगायचं. संख्या x असेल तर xh, अर्धा मिळवून 3xh/2, तीनने गुणून 9xh/2, आणि h ने भागून 9x/2. शून्य सोडून h काहीही घ्या, उत्तर 9x/2 च राहतं, आणि ते 63 असेल तर x = 14. वरचा आणि खालचा h एकच आहे म्हणून हे चाललं. भास्कराचार्यांच्या नियमाची मर्यादाही इथेच दिसते. वर h² आणि खाली h असेल तर दोन्ही जागी शून्यच येतं, पण भागाकार h उरतो आणि तो शून्याकडे जातो. वर 5h असेल तर 5 उरतात. म्हणजे "शून्य भागिले शून्य" एवढ्यावरून काहीच कळत नाही, दोघं शून्याकडे कसे जातात ते पाहावं लागतं. 0/0 दिसलं की शून्य किंवा एक असं उत्तर ठोकून देणाऱ्यांची सवय या एका तासात बऱ्यापैकी सुटते.

चौथ्या दिवशी कोष्टकावरचा विश्वास थोडा हलवायचा. sin(π/x) मधे x ला 0.1, 0.01, 0.001 द्या, प्रत्येक वेळी शून्य येतं, आणि मुलं म्हणतात लिमिट शून्य. मग x = 2/5, 2/9, 2/13 द्यायचे, प्रत्येक वेळी 1 येतो. x शून्याजवळ जाताना हे फंक्शन −1 आणि 1 यांच्यात हेलकावे खात राहतं, त्याला लिमिटच नाही. आकडे सुचवतात, सिद्ध करत नाहीत, हे कळलं की व्याख्येची गरज मुलांना आपोआप वाटू लागते.

बर्कलीनंतर ही गरज गणितज्ञांनाही वाटत होतीच. वाढणारी राशी लिमिटला प्रत्यक्ष पोचते की नुसती जवळ जात राहते, यावर १७३०च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स ज्युरिन आणि बेंजामिन रॉबिन्स यांच्यात मोठा वाद झाला. मुलांमधेही हे दोन तट पडतातच. १७८४मध्ये बर्लिनच्या अकादमीने गणितातल्या अनंताचा स्पष्ट सिद्धांत द्या म्हणून पारितोषिक जाहीर केलं. १७८६मध्ये ते जिंकणाऱ्या सिमॉन लुइलिए याच्या निबंधात lim. हे संक्षिप्त रूप आलं. लाग्रांजने १७९७मध्ये लिमिट टाळून सगळं घातश्रेणींवर उभं करायचा प्रयत्न केला. तो पुरा पडला नाही, कारण प्रत्येक फंक्शन तशा श्रेणीत मांडता येत नाही.

पाचव्या दिवशी फ्रेंच गणितज्ञ कोशी. पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये होऊ घातलेल्या अभियंत्यांना तो शिकवत होता, आणि १८२१मधलं त्याचं पुस्तक त्याच वर्गासाठी होतं. त्याच्या व्याख्येचा गाभा असा: एखाद्या चलाच्या किमती एका ठरावीक किमतीच्या जवळ जात जात शेवटी तिच्यातला फरक हवा तितका लहान होत असेल, तर ती किंमत म्हणजे लिमिट. "पोचते का?" हा प्रश्नच इथे गळून पडतो. पुढे वायरस्ट्रासने बर्लिनच्या व्याख्यानांत हेच एप्सिलॉन-डेल्टाच्या असमानतांमधे बांधलं. तो विद्यापीठात येण्याआधी दहाहून अधिक वर्षं शाळेत शिकवत होता, आणि ही व्याख्याही वर्गातूनच पसरली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वर्गात याचा खेळ करता येतो. एकाने म्हणायचं, "उत्तर 6 पासून 0.01 च्या आत हवं." दुसऱ्याने h साठी हद्द सांगायची. आपल्या उदाहरणात (6 + h) आणि 6 यांतला फरक h च आहे, म्हणून h शून्य सोडून −0.01 आणि 0.01 यांच्या मधे ठेवला की झालं. पहिला 0.0001 मागेल, दुसरा तेवढीच हद्द देईल. पहिला कधीच जिंकू शकत नाही याची मुलांना खात्री पटते, तेव्हा बर्कलीला उत्तर मिळालेलं असतं. h कधीच शून्य केलेला नाही. 6 ही h = 0 ठेवून मिळालेली किंमत नाही, ती या खेळात टिकणारी एकमेव संख्या आहे. ग्रीक अक्षरं या आठवड्यात आणली नाहीत तरी चालतील, कारण खेळ तोच राहतो.

सहावा दिवस सरावाचा: अवयव पाडणं, वर्गमुळं असतील तर संयुग्म पदाने वर-खाली गुणणं. इथे एकच चूक सतत बघायची. मुलं lim हे चिन्ह पहिल्या ओळीनंतर गाळतात आणि (x² − 9)/(x − 3) = 6 असं लिहून मोकळी होतात. किंमत भरेपर्यंत प्रत्येक ओळीत चिन्ह हवंच. सातव्या दिवशी x शून्याकडे जातानाचं sin x / x येतं, आणि आर्किमिडीजची चिमटी पुन्हा उपयोगी पडते, कारण cos x आणि 1 यांच्यामधे ते अडकतं. कॅल्क्युलेटरवर कुणाला 1 ऐवजी 0.01745 दिसलं तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे. तो आकडा म्हणजे π/180.

शेवटची दहा मिनिटं एका प्रश्नासाठी ठेवायची. f(x) = (x² − 9)/(x − 3), आणि x = 3 ला मुद्दाम f(3) = 100 दिलं आहे, तर x हा 3 कडे जाताना लिमिट किती? 100 म्हणणाऱ्याने लिमिट आणि किंमत एकच मानली आहे, त्याला पाचव्या दिवसाचा खेळ पुन्हा खेळायला लावा. "0/0 आलं, म्हणून नाही" म्हणणारा तिसऱ्या दिवशी अडकला आहे. 6 म्हणणाऱ्याला 5.99 आणि 6.01 यांच्या मधे राहायला x कुठे ठेवशील ते विचारा. 2.99 आणि 3.01 यांच्या मधे, पण 3 सोडून, असं त्याने स्वतःहून सांगितलं तर पुढच्या आठवड्यात डेरिव्हेटिव्ह सुरू करायला हरकत नाही.