माइकची शिट्टी आणि कानातला मॉनिटर

गावच्या जत्रेत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात माइकने शिट्टी मारली, की बोलणारा माणूस घाईघाईने माइकच्या जाळीवर तळहात ठेवतो. त्याने शिट्टी थांबत नाही, उलट बहुतेक वेळा ती वाढते. गेल्या डिसेंबरात मालवणजवळच्या एका मैदानावर कॉलेजच्या मुलांच्या रॉक बँडचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो, तिथेही गायकाने तेच केले आणि पुढच्या रांगांनी कान झाकले. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "जागाच जड आहे, सुरुवातीला नारळ द्यायला हवा होता." दुसऱ्या कुणी खाऱ्या, दमट हवेला दोष दिला. खाऱ्या हवेने केबलच्या पिना गंजतात आणि त्यामुळे आवाजात खरखर येते, हे खरे आहे. पण शिट्टीचे कारण हवेतही नाही आणि जागेतही नाही. ते माइक आणि स्पीकर यांच्यातल्या अंतरात, दिशेत आणि आवाज जुळवणाऱ्या मिक्सरवरच्या एका सरकत्या खटक्याच्या उंचीत असते.

अशा कार्यक्रमात ध्वनीची दोन स्वतंत्र मिश्रणे चालू असतात. एक प्रेक्षकांसाठी, त्याचा मिक्सर मैदानाच्या मध्यावर असतो आणि ध्वनितंत्रज्ञ प्रेक्षकांच्या कानांनी ते जुळवतो. दुसरे वादकांसाठी, ते रंगमंचावर त्यांच्या पायांशी तिरप्या ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून येते. हे दुसरे मिश्रण का लागते, ते त्या मैदानावर स्पष्ट दिसत होते. मुख्य स्पीकर गायकाच्या पुढे आणि तोंड प्रेक्षकांकडे करून उभे होते, त्यामुळे त्याच्यापर्यंत मागे फक्त खर्जाचा घुमारा येत होता. त्याचा स्पष्ट आवाज समोरच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परतत होता. ती भिंत सुमारे 35 मीटरवर, म्हणजे जाऊन येऊन 70 मीटर. ध्वनी सेकंदाला साधारण 348 मीटर जातो, म्हणून गायकाला स्वतःचा शब्द एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकू येत होता. एवढ्या उशिराच्या आवाजावर भरवसा ठेवून कुणी लयीत गाऊ शकत नाही. शिवाय पाठीमागे ड्रम होते, आणि रॉकचा ड्रमर गायकाच्या जागी सहज 100 डेसिबलच्या वर आवाज पोहोचवतो. 1965 साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे 55,000 लोकांसमोर बीटल्स गायले, तेव्हा पायांशी असे मॉनिटर नव्हतेच.

गायकाने ध्वनितंत्रज्ञाला खूण केली, "दादा, माझा आवाजच मला येत नाहीये, वाढवा जरा." दादांनी मॉनिटर वाढवला, आणि पुढच्या दोन ओळींतच शिट्टी आली. इथे काय घडले ते सावकाश पाहू.

मॉनिटरमधून निघालेला आवाज हवेतून माइकपर्यंत येतो, माइकमधून मिक्सरमध्ये, तिथून ॲम्प्लिफायरमध्ये आणि पुन्हा त्याच मॉनिटरमध्ये जातो. हे एक वर्तुळ आहे. माइक आणि मॉनिटर यांच्यात 1.74 मीटर अंतर असेल, तर एका फेरीला सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. विजेच्या तारेतला वेळ नगण्यच. आता एका फेरीनंतर आवाज मूळच्या 0.95 पट होत असेल, तर तो हळूहळू विरतो. गाणे थांबले तरी शब्दाच्या शेवटी एक धातूसारखी झंकार क्षणभर रेंगाळते. अनुभवी तंत्रज्ञ ही झंकार ऐकूनच हात मागे घेतो, कारण शिट्टीची ती आगाऊ सूचना असते. पण खटका किंचित वर गेला आणि एका फेरीत आवाज 1.1 पट होऊ लागला, तर पाव सेकंदात 50 फेऱ्या होतात आणि 1.1 चा पन्नासावा घात 117 च्या आसपास येतो. म्हणजे ऐकू न येणारी सळसळ डोळ्याचे पाते लवायच्या सुमारास शंभरपटीहून मोठी झालेली असते. ॲम्प्लिफायरची ताकद संपते तिथेच ती थांबते.

ही वाढ सगळ्या स्वरांची सारखी होत नाही. एक फेरी मारून परतलेली लाट नव्या लाटेशी नेमकी जुळली, माथ्यावर माथा आला, तरच ती वाढते. म्हणून आपल्या उदाहरणात 200, 400, 600 हर्ट्झ अशा ठरावीक स्वरांनाच संधी असते. प्रत्यक्षात स्पीकर आणि माइक स्वतःही लाटेच्या माथ्यांची वेळ थोडी सरकवतात, त्यामुळे हे आकडे इकडेतिकडे होतात. या उमेदवारांपैकी ज्या स्वराला माइक आणि स्पीकर मिळून सर्वांत जास्त उचल देतात, तो जिंकतो. म्हणूनच शिट्टी एकसुरी असते. तेवढाच स्वर इक्वलायझरवर खाली ओढला, की थोडी मोकळीक मिळते, पण लगेच दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार पुढे येतो. चार-पाच स्वर कापल्यावर गायकाचा आवाजच पोकळ होतो.

तळहाताचा प्रश्न इथेच सुटतो. गायनाचा नेहमीचा माइक समोरचा आवाज भरपूर पकडतो आणि बरोबर मागून येणारा फार कमी. ही दिशाशक्ती त्याला जाळीखालच्या मागच्या फटींमुळे मिळते: मागून आलेला आवाज माइकमधल्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोहोचून स्वतःलाच खोडतो. हाताने जाळी झाकली की फटी बंद होतात, खोडणे थांबते आणि माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो, पायांशी असलेल्या मॉनिटरलाही. कित्येक रॉक गायक दिसायला छान म्हणून माइकची जाळी मुठीत धरतात, त्यांच्या तंत्रज्ञाचे दुःख हेच असते. दादांनी मध्यंतरात मुलाला मूठ दांड्यावर धरायला सांगितले, मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे सरकवला आणि ओठ माइकच्या जवळ आणायला लावले. अंतर निम्मे झाले की माइकला सुमारे 6 डेसिबल जास्त आवाज मिळतो आणि तेवढा खटका खाली आणता येतो. त्यापुढे मात्र त्यांच्या हातात काही उरले नव्हते, कारण मॉनिटर ड्रमच्या वर न्यायचा तर वर्तुळ पुन्हा पेटणारच होते. शिवाय मॉनिटरचा खर्ज मागच्या बाजूने मैदानात सांडत होता आणि पुढचे शब्द गढूळ करत होता.

दुसऱ्या रात्री मुंबईहून आलेल्या बँडने हे वर्तुळच तोडले. त्यांच्या कानांत घट्ट बसणारे मॉनिटर होते. 1995 च्या सुमारास व्हॅन हेलन या बँडचा मॉनिटर तंत्रज्ञ जेरी हार्वी याने ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या साच्याचे असे मॉनिटर बनवले, आणि पुढे त्यांचा मोठा प्रसार झाला. कानाच्या आत बंद असलेला आवाज माइकपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून या वाटेने शिट्टी येण्याचा संभव जवळपास संपतो. शिवाय घट्ट बसलेला साचा बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने दाबतो, त्यामुळे ड्रमवर मात करावी लागत नाही. गायक मंचाच्या टोकापर्यंत धावला तरी त्याचे मिश्रण त्याच्याबरोबर जाते. ड्रमरच्या कानात ठोक्याचा टिकटिक आवाज सोडता येतो, आणि त्याच ठोक्यावर आधी मुद्रित केलेले वाद्य आणि दिवे चालवता येतात. आजचे मोठे रॉक कार्यक्रम मिनिटामिनिटाला बांधलेले दिसतात, ते यामुळे. मंच शांत झाला की मैदानातल्या तंत्रज्ञालाही शब्द स्वच्छ मिळतात. गेले ते एकच, आणि मला त्याची खंत वाटते: मंचावर गिटारचा ॲम्प नसेल, तर त्याच्यासमोर उभे राहून तारांना हेच वर्तुळ मुद्दाम पेटवायला लावणारा, लांबलचक स्वर धरणारा गिटारवादक ते करू शकत नाही.

कान वाचतात, असेही सांगितले जाते. ते आपोआप होत नाही. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि 100 डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. कानात तेवढाच आवाज भरला, तर नुकसानही तेवढेच.

तिसऱ्या गाण्यात मुंबईच्या गायकाने डाव्या कानातला मॉनिटर काढून खांद्यावर सोडला. आपण लोकांपासून तुटल्यासारखे वाटते, हे त्याने नंतर सांगितले. पण एक कान उघडा ठेवला, की ड्रम त्यातून थेट शिरतात आणि दोन्ही कानांनी मिळून जो आवाज भरीव वाटतो तो अर्धवट राहतो. मग माणूस उजव्या कानातला आवाज वाढवत नेतो. तंत्रज्ञाने पुढच्या गाण्याआधी मंचाच्या दोन्ही कडांवर प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक उभे केले आणि त्यांचा आवाज फक्त कानांतल्या मिश्रणात सोडला, मुख्य स्पीकरमध्ये अजिबात नाही; तिथे सोडला असता, तर नवे वर्तुळ तयार झाले असते. गायकाने डावा मॉनिटर पुन्हा कानात बसवला.