बाळाचा 25 तासांचा दिवस

"आमच्या बाळाने दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस केला आहे" ही तक्रार मी गेल्या महिन्यात तीन वेळा ऐकली. तिन्ही घरांत उपायही ठरलेला होता: दुपारी त्याला झोपू द्यायचं नाही, म्हणजे रात्री झोपेल. उपाय तर फसतोच, पण मला खटकते ती तक्रारच. दिवस-रात्र उलटवायला ती आधी सुलटी असावी लागते, आणि महिन्याभराच्या बाळाकडे दिवस-रात्र नावाची गोष्टच नसते. ती हळूहळू तयार होते. कशी होते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, एक चौकटींची वही आणि रात्रपाळी वाटून घेणारी दोन माणसं पुरतात.

अशी वही सगळ्यात प्रसिद्ध केली ती नॅथॅनियल क्लाइटमन यांनी. माणसाचं शरीर 24 तासांचं बंधन सोडून देतं का, हे पाहायला 1938 साली एका गुहेत महिनाभर जाऊन राहिलेले झोपेचे अभ्यासक ते हेच. 1953 मध्ये त्यांनी आणि थिओडोर एंगलमन यांनी तान्ह्या मुलांच्या झोपेच्या नोंदी छापल्या. त्यातलं एका बाळाचं चित्र आजही पाठ्यपुस्तकांत दिसतं. आयुष्याच्या 11व्या दिवसापासून 182व्या दिवसापर्यंत रोजची एक आडवी ओळ, झोपेच्या जागी रेघ, दूध पाजलं तिथे ठिपका, जाग असेल तिथे कोरी जागा. या बाळाला भूक लागेल तेव्हा पाजलं जात होतं, वेळापत्रक नव्हतं. वरच्या ओळींत सगळा भुगा दिसतो. खाली येताना रेघा जुळू लागतात आणि मध्येच एक विलक्षण गोष्ट होते: झोपेचा पट्टा तिरका सरकतो. बाळ रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा झोपतं, जणू त्याचा दिवस 25 तासांचा आहे. मग आणखी काही आठवड्यांनी पट्टा सरळ होतो आणि रात्रीवर स्थिरावतो.

हे का होतं, हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

आपली झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी तो वाढत जातो, झोपेत ओसरतो. तान्ह्या बाळात हे भांडं फारच लहान असतं, तास-दीड तासाच्या जागेपणातच भरतं आणि तितक्याच लवकर रिकामं होतं. म्हणून त्याची झोप तुकड्यातुकड्यांची असते, आणि 24 तासांत 8 ते 12 वेळा भूक लागते ती या तुकड्यांत आणखी खाचा पाडते. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर हजारो पेशींचा एक ठिपक्याएवढा पुंजका आहे. त्यातली प्रत्येक पेशी साधारण 24 तासांच्या लयीत चालते. मोठ्यांमध्ये हे घड्याळ संध्याकाळी झोपेच्या दाबाशी कुस्ती खेळतं, आपल्याला जागं ठेवतं आणि रात्री हात सोडतं. म्हणून आपली झोप एकसलग होते.

बाळ जन्मतं तेव्हा हे घड्याळ असतं, पण त्याचे काटे कशालाच जोडलेले नसतात. पोटात असताना आईचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, नाळेतून यायचं आणि तिची रात्र हीच बाळाची रात्र असायची. जन्मताच ती तार तुटते. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री नीट स्रवू लागायला साधारण 9 ते 12 आठवडे जातात. तोवर दाबाचंच राज्य असतं. मधल्या काळात घड्याळ जोर धरतं, पण बाहेरच्या उजेडाशी त्याचं अजून जमलेलं नसतं, आणि एकट्यावर सोडलेलं माणसाचं घड्याळ 24 तासांपेक्षा जरा सावकाश चालतं. मोठ्यांमध्ये ही ढिलाई काही मिनिटांचीच असते. पण संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या भागात डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळाला आणखी मागे ढकलतो, तर पहाटेनंतरचा उजेड पुढे ओढतो. रात्री अकराला दूध पाजताना छताचा पांढरा दिवा लावला, की आपण घड्याळाला मागेच रेटत असतो. रात्री जमिनीजवळचा मंद पिवळसर दिवा आणि सकाळी पडदे उघडे, या सल्ल्यामागे एवढंच कारण आहे. दुपारी बाळाला जागं ठेवण्यामागे असं काहीच नाही. त्याने फक्त भांडं उतू जातं आणि बाळ रडतं.

आता आमची वही. मुलगी पाच आठवड्यांची झाल्यावर मी आलेखाचा कागद घेतला, दर अर्ध्या तासाला एक चौकोन, म्हणजे दिवसाला 48. ओळ मध्यरात्री सुरू न करता दुपारी बारापासून सुरू केली, नाहीतर रात्र मधोमध कापली जाते आणि जे पाहायचं तेच दिसत नाही. झोप असेल तर चौकोन काळा, दुधाला ठिपका. ठिपका पाजायला सुरुवात केली त्या वेळेचा. पहिले चार दिवस मी सुरुवात लिहीत होतो आणि बायको शेवट, त्यामुळे तिने पाजल्यावर बाळ लवकर भुकेलं होतंय असं वाटायचं. घरात त्यावर वादही झाला.

मग रोजची सगळ्यात लांब झोप कधी सुरू झाली, तेवढंच लाल पेनाने खुणावलं. सोमवारी, तिच्या 36व्या दिवशी, सकाळी 11 वाजता. पुढे 11:40, 12:45, 1:20, 2:30, 3:00, आणि रविवारी दुपारी 4:10. मधे उड्या आहेत, पण सहा दिवसांत 5 तास 10 मिनिटं, म्हणजे रोज सरासरी 52 मिनिटांचा उशीर. याच गतीने पुढच्या रविवारी ही झोप रात्री दहाच्या सुमारास यायला हवी होती, आणि आलीही. घरात आनंदीआनंद. त्याच आठवड्यात बाळाला घट्ट गुंडाळायला सुरुवात केली होती, श्रेय गुंडाळण्याला गेलं. दहा दिवसांनी तीच झोप सकाळवर सरकली, तेव्हा मात्र गुंडाळण्याला कोणी दोष दिला नाही. बाळाला कोणाची तरी नजर लागली होती म्हणे.

याहून गंमत पौर्णिमेची. पौर्णिमेला बाळं झोपत नाहीत, असं जगभर अनेकांना वाटतं. रोज 52 मिनिटं सरकणारी झोप पूर्ण फेरी मारून पुन्हा त्याच वेळेवर यायला 28 दिवस घेते. चंद्रही रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि साडेएकोणतीस दिवसांत फेरी पुरी करतो. दोन सरकणाऱ्या गोष्टींचा वेग योगायोगाने सारखा, की नातं जोडायला थकलेल्या मेंदूला दोन पौर्णिमा पुरतात. एक आलेखाचा कागद जास्त प्रामाणिक असतो, कारण तो अमावास्येच्या वाईट रात्रीही विसरत नाही. "बाळ उद्या किती वाजता झोपेल" हे सांगणाऱ्या मोबाइल ॲपांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. सातव्या आठवड्यात तो अंदाज कागदावर पट्टी ठेवूनही काढता येतो, आणि तेवढाच चुकतो.

वहीचा खरा उपयोग रात्रपाळीला होतो. आम्ही आधी आळीपाळीने उठायचो, एकदा तू, एकदा मी. वाटणी न्याय्य, पण दोघांची झोप फाटलेली. मोठ्यांची गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात येते. दर दोन तासांनी उठवलं, की ती कोणालाच पुरी मिळत नाही. म्हणून आम्ही पाळ्या केल्या: रात्री 9 ते 2 एक, 2 ते 7 दुसरा. लांब झोप कुणाच्या पाळीत येणार हे लाल खुणा आधी सांगत, तसे आम्ही दर तीन-चार दिवसांनी बदल करत होतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पाच तास सलग सोडणं सुरुवातीच्या आठवड्यांत नेहमी जमत नाही, छाती भरून दुखते. तेव्हा बाळ तिच्याजवळ आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि परत उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवणं हे दुसऱ्याचं काम. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढायची नाही, ही एकच अट आमच्या वहीच्या मुखपृष्ठावर लिहिली होती. तान्ह्या बाळासाठी ती जागा खरोखर जिवावरची आहे.

पाळी बदलताना बोलायचं नाही, वाचायचं. शेवटचं दूध कधी, लंगोट किती ओले, ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले का. तिसरा रकाना एका पहाटेमुळे आला. तेव्हा आम्ही दोघांनीही थेंब दिले होते, आणि दोघांनाही आपणच पहिले दिले याची खात्री होती. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली 15-20 मिनिटं, कधी त्याहून जास्त, मेंदू पुरता जागा नसतो. त्या वेळच्या आठवणीवर भरवसा ठेवू नये.

याच कारणाने "तू बरी आहेस ना?" हे रात्री तीनला विचारू नये. उत्तर झोपेचं येतं, माणसाचं नाही. आम्ही ते सकाळी अकराच्या सुमारास विचारायचो, आणि प्रश्न एकच: काल बाळ झोपलं, तुझी पाळी नव्हती, तेव्हा तुला झोप लागली का? हो किंवा नाही. थकवा सगळ्यांनाच असतो, त्यावरून काही कळत नाही. पण संधी असूनही झोप न लागणं ही निराळी गोष्ट आहे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात आणि चिंतेत ते वारंवार दिसतं, आणि वडिलांनाही होतं. 1987 साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली हे नैराश्य ओळखण्यासाठीच आहे. दहा प्रश्न, डॉक्टर किंवा परिचारिका पाच मिनिटांत भरून घेतात. नाहींची रांग आमच्या घरात माझ्या रकान्यात लागली, ओळीने सहा. बायकोने वही उघडी करून माझ्यासमोर ठेवली, म्हणाली, "हे बघ, आणि आज फोन कर." मी केला.

वही कुठे फसवते तेही सांगतो. पहिल्या दोन आठवड्यांत पाच तासांचा काळा पट्टा दिसला तर तो विजय समजू नका. जन्माचं वजन भरून येईपर्यंत (बहुतेकांचं 10 ते 14 दिवसांत येतं) बाळाला पाजायला उठवावं लागतं. पिवळं पडलेलं किंवा कमी दूध मिळणारं बाळ सुस्तपणेही खूप झोपतं. अशा वेळी झोपेचा रकाना सोडून लंगोटांचा पाहावा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहापेक्षा कमी ओले लंगोट असतील, उठवूनही बाळ नीट पीत नसेल, किंवा तीन महिन्यांच्या आत ताप 38 अंश सेल्सिअसला पोचला, तर आलेख बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे.

64व्या दिवशी लाल खूण पुन्हा सकाळी अकरावर आली. फेरी पुरी. मी पट्टी ठेवून पुढची रेघ आखली: 75व्या दिवशी रात्री साडेआठ, मग पुन्हा घसरण. 75व्या दिवशी ती साडेआठला झोपली, पाच तास. 76व्या दिवशी पावणेनऊला. 77व्या दिवशी परत साडेआठला. रेघ माझ्या पट्टीपासून सुटली होती. 78व्या दिवसाची ओळ वहीत कोरी आहे, त्या रात्री आम्ही दोघंही लिहायला विसरलो.