वार खाली आणि वार सुटली: एकीत आतून तपासणी का टाळतात?

गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर पहाटे चारच्या सुमारास एका तेहतीस आठवड्यांच्या गरोदर बाईला जाग येते ती अंथरूण ओले झाल्यामुळे. दिवा लावून पाहते तर लालभडक रक्त. पोटात कळ नाही, पाठीत दुखणे नाही, ठेच लागलेली नाही की जड काही उचललेले नाही. सासू म्हणते, "कळा न्हाईत न्हवं, मग कशाला घाई करायची? उजाडू दे." सूनबाई मात्र १०८ ला फोन करते, आणि घाट उतरून नव्हे तर उलट्या दिशेने, कोल्हापूरच्या रस्त्याला लागते. रुग्णालयात पोचल्यावर घरच्यांना एक गोष्ट खटकते. डॉक्टर नाडी पाहतात, रक्तदाब पाहतात, पोटावर हात ठेवतात, बाळाचे ठोके ऐकतात, रक्ताची सोय करायला सांगतात. पण ज्या वाटेने रक्त येते आहे, तिथे आतून तपासतच नाहीत. एरवी बाळंतपणात दर चार तासांनी होणारी तपासणी नेमकी आज का नको?

ही बाई आणि पुढे येणारी दुसरी, दोघी कल्पित आहेत; प्रसूती कक्षात काम केलेल्यांना त्या ओळखीच्या वाटतील एवढेच.

उत्तर वारेच्या जागेत आहे. वार म्हणजे बाळाला रक्तातून पोषण देणारा, दिवस भरताना साधारण अर्धा किलो वजनाचा, जाड भाकरीसारखा गोल अवयव. तो गर्भपिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला असतो आणि बहुतेक वेळा ही जागा पिशवीच्या वरच्या भागात असते. काही बायकांत मात्र वार अगदी खाली, पिशवीच्या तोंडाजवळ किंवा तोंडावरच रुजते. आधीचे सिझेरियन, जुळी, वाढते वय, धूम्रपान यांनी ही शक्यता वाढते. साधारण दोनशे-अडीचशे बाळंतपणांत एखादे असे निघते. आपल्याकडे याला सरळ 'वार खाली आहे' असे म्हणतात.

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भपिशवीचा खालचा भाग ताणून लांब आणि पातळ होऊ लागतो, म्हणजे बाळाचे डोके सामावायला जागा होते. भिंत ताणली जाते, पण वार ताणली जात नाही. फुगत्या फुग्यावर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीची कड जशी सुटते, तशी वारेची कड भिंतीपासून सुटते आणि तिथल्या आईच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. तोंड जवळच असल्याने रक्त कुठेही न साठता थेट बाहेर येते. म्हणून ते ताजे, लाल असते. आणि कुठे कोंडले जात नाही, म्हणून दुखतही नाही. जेवढे गेले तेवढे दिसते, त्यामुळे आईची प्रकृती आणि दिसणारे रक्त यांचा हिशोब जुळतो. पहिला स्राव बहुधा आपोआप थांबतो. याच थांबण्याने घरची माणसे निर्धास्त होतात, आणि ते धोक्याचे आहे, कारण दुसरा स्राव केव्हा आणि किती होईल हे सांगता येत नाही.

आता बोटाचा प्रश्न. आतून तपासताना डॉक्टर गर्भपिशवीच्या तोंडात बोट घालून ते किती उघडले आहे हे पाहतात. वार तोंडावर असेल तर ते बोट बाळाच्या डोक्याला नव्हे, वारेच्या मऊ, स्पंजासारख्या भागाला लागते. अर्धवट सुटलेली कड आणखी सोलली जाते, वारेचा तुकडा फाटू शकतो, आणि आधीच्या स्रावावर धरलेली गुठळी निसटते. दिवस भरत आले असताना गर्भपिशवीतून मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहते. बाईच्या अंगात एकूण रक्त पाच-सहा लिटरच असते. म्हणजे मोठ्या वाहिन्या उघडल्या, तर कागदपत्रे भरेपर्यंतचा वेळही मोठा ठरतो.

दुसरे कारण स्नायूंचे आहे. पिशवीच्या वरच्या भागात स्नायूंचे धागे रक्तवाहिन्यांभोवती जाळीसारखे विणलेले असतात. बाळ बाहेर आल्यावर पिशवी आवळली की ही जाळी वाहिन्यांना गाठ मारल्यासारखी दाबते. खालच्या भागात असे स्नायू तुटपुंजे असतात, त्यामुळे तिथे उघडलेली वाहिनी आपसूक आवळली जाण्याची आशा कमी. बोटाने सुरू केलेला रक्तस्राव बोट बाहेर काढून थांबत नाही, तो थांबवायला बहुधा तातडीचे सिझेरियनच करावे लागते. वार खाली असताना पहिल्याच स्रावात आई दगावणे विरळा. ते घडते तेव्हा त्यामागे अनेकदा अशी अवेळी केलेली तपासणी असते, असे प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या बजावले जाते.

गगनबावड्याच्या बाईची फाईल सोबत होती, हे तिचे नशीब. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार खाली असल्याची नोंद होती. नाडी ९६, रक्तदाब ११०/७०, पोट मऊ, बाळ तिरके, डोके वर तरंगते, ठोके १४४. डोके खाली उतरत नाही, कारण त्याची जागा वारेने अडवलेली असते. पोटावरून मिळणारी ही खूण डॉक्टरांना बोटाशिवाय बरेच सांगून जाते. सोनोग्राफीत वार तोंडावर पूर्ण आलेली दिसली. इथे वाचकाला एक गोष्ट विसंगत वाटेल: हीच जागा नेमकी पाहण्यासाठी सोनोग्राफीचा बारीक दांडा योनीमार्गातून घालतात, आणि ते सुरक्षित मानले जाते. कारण दांडा पिशवीच्या तोंडात शिरत नाही. तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबून, कोन करून पाहतो. अडचण योनीमार्गाची नसून तोंडातून पलीकडे जाणाऱ्या बोटाची आहे.

तिचा स्राव दुपारपर्यंत थांबला. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तिच्या गटाचे रक्त जुळवून ठेवले आणि तिला रुग्णालयातच ठेवले. वाट पाहण्याची ही पद्धत बेलफास्टच्या मॅकाफी यांनी १९४५ साली मांडली. त्याआधी स्राव दिसला की दिवस भरलेले नसतानाही बाळंतपण उरकण्याचा कल असे, आणि कमी दिवसांची बाळे त्यात जात. आपल्या बाईचे सिझेरियन छत्तीस आठवडे उलटल्यावर, दिवसाउजेडी, रक्ताच्या पिशव्या हाताशी ठेवून झाले. तिचे आधीचे एक सिझेरियन असल्याने वार जुन्या व्रणात रुतली तर नाही ना, हेही आधीच पाहून घेतले होते.

दुसरी बाई इचलकरंजीची, पस्तीस आठवड्यांची, दुसऱ्या खेपेची. रक्तदाब गेले काही आठवडे १५०/१०० च्या घरात. संध्याकाळी पोटात दुखू लागले, पण कळा जशा येतात आणि जातात तसे नव्हे. एकदा सुरू झालेले थांबेना. अंगावरून गेले ते जेमतेम कपभर, काळपट रक्त. घरच्यांना वाटले, एवढेसे तर आहे. रुग्णालयात नाडी १२४ आणि रक्तदाब १००/६०. हा आकडा एकट्याने पाहिला तर फारसा वाईट नाही, पण जिचा रोजचा १५० आहे तिच्यासाठी हा मोठा उतार होता. पोट लाकडी पाटासारखे कडक, हात लावू देईना, बाळाचे अवयव हाताला लागेनात, आणि ठोके ९०.

हिची वार योग्य जागी, वरच होती. पण बाळ जन्मण्याआधीच भिंतीपासून सुटली होती. उच्च रक्तदाब, पोटावर मार, धूम्रपान किंवा आधी असेच घडलेले असणे, यांत हा धोका वाढतो. वारेमागच्या वाहिन्यांतून रक्त निघते आणि वार व भिंत यांच्यामध्ये साठते. साठलेल्या रक्ताचा दाब वारेला आणखी सोलतो, स्नायूंमध्ये झिरपून त्यांना चिडवतो. म्हणून पिशवी आवळून कडक होते आणि दुखणे थांबत नाही. वाट काढत जे थोडे बाहेर येते ते उशिरा येते, म्हणून काळपट. कधी थेंबही बाहेर येत नाही. दिसणाऱ्या कपावरून गेलेल्या रक्ताचा अंदाज बांधणे ही इथली घातक चूक. मोजायचे ते नाडीवरून.

तिची सोनोग्राफी झाली. वार वर दिसली, मागे साठलेले रक्त मात्र दिसले नाही. ताजी गुठळी सोनोग्राफीत वारेसारखीच दिसते, त्यामुळे निम्म्याहून अधिक वेळा ती ओळखू येत नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल' म्हणून वार सुटल्याचे निदान कधीही बाजूला ठेवता येत नाही. तिथे पोटावरचा हात यंत्रापेक्षा खरा. सोनोग्राफीचा खरा उपयोग वेगळाच झाला. वार तोंडावर नाही एवढे कळले, आणि आतून तपासणीची मोकळीक मिळाली. बोट पोचते तिथे फाटण्याजोगे काही नव्हते. तपासल्यावर कळले की तोंड जवळजवळ पूर्ण उघडले आहे. पाणमोट फोडली, बाळाला व्हॅक्यूमने पंधरा मिनिटांत बाहेर काढले. पाठोपाठ वार आणि मूठ-मूठभर गुठळ्या पडल्या. तोंड उघडलेले नसते, तर जिवंत बाळासाठी तडक सिझेरियन करावे लागले असते. म्हणजे पहिलीत जे बोट घात करू शकत होते, त्यानेच दुसरीत मार्ग ठरवला.

दरम्यान परिचारिकेने तिचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन मुठीत धरले होते. वार मोठ्या भागात सुटली की रक्त गोठवणारे घटक संपत जातात. सात मिनिटांत गुठळी झाली नाही, किंवा झालेली नुसत्या हलवण्याने विरघळली, तर ते घटक कमी पडले असे समजून प्लाझ्माची तयारी करतात. हिच्या नळीत सहाव्या मिनिटाला घट्ट गुठळी झाली. ही साधी चाचणी प्रयोगशाळेच्या अहवालाआधी हाती येते.

दोन चित्रे इतकी वेगळी असली तरी रंग आणि वेदना यांवर निकाल देणे धोक्याचेच. वार खाली असलेल्या बाईला त्याच वेळी कळाही सुरू होऊ शकतात, मग तिलाही दुखते. वार पाठीमागच्या भिंतीवरून सुटली, तर पोट मऊ लागते आणि तक्रार फक्त कंबरदुखीची असते. क्वचित दोन्ही प्रकार एकाच बाईत भेटतात. म्हणून शेवटच्या महिन्यांत अंगावरून रक्त गेलेली प्रत्येक बाई, वारेची जागा कळेपर्यंत, वार खाली असलेलीच आहे असे धरून चालतात. सोनोग्राफी नव्हती त्या काळात ही खात्री करायला बोटाशिवाय उपाय नसे. तेव्हा ती तपासणी शस्त्रक्रियागृहातच करत, भूल देणारे डॉक्टर उभे, हत्यारे उघडलेली आणि रक्त तयार, म्हणजे स्राव उसळला तर त्याच टेबलावर सिझेरियन करता यावे.

पाचव्या महिन्याच्या अहवालात 'वार खाली' दिसले म्हणून घाबरून जाणाऱ्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. पिशवी वाढते तशी त्यांतल्या दहापैकी नऊ जणींची वार तोंडापासून दूर जाते, म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. त्या वेळीही वारेची कड तोंडापासून दोन सेंटिमीटरच्या आत असली, तर छत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा पाहतात. तोवर शरीरसंबंध टाळायला सांगतात, त्याचे कारणही बोटाच्या कारणाहून वेगळे नाही. फाईल मात्र कपाटात न ठेवता पिशवीत ठेवावी. गगनबावड्याहून रात्री निघालेल्या बाईच्या तोंडून वारेची जागा कुणाला कळणार नाही, त्या कागदावरून कळेल.