काउंट कमी की मोटिलिटी कमी? वीर्य तपासणीचे दोन आकडे आणि दुसऱ्या टेस्टची वेळ

दादरच्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं वीर्याची तपासणी करते. रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जोडपी एकच वाक्य बोलतात, "काउंट कमी आलाय." कागदावर कमी असते मोटिलिटी, तरी तोंडी "काउंट"च येतो. हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि चुकतातही वेगवेगळ्या कारणांनी.

काउंट म्हणजे डोकी मोजणं. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेल्या काचेवर आम्ही शुक्राणू मोजतो, त्यात जिवंत-मेलेले सगळे धरले जातात. रिपोर्टवर त्याचे दोन आकडे असतात आणि तिथेच पहिली गल्लत होते. एक असतो एका मिलिलिटरमधला, ज्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. दुसरा अख्ख्या सॅम्पलमधला, म्हणजे पहिल्याला व्हॉल्यूमने गुणून आलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत कॉन्सन्ट्रेशनची खालची मर्यादा आहे मिलिलिटरला 16 मिलियन आणि एकूण काउंटची 39 मिलियन. मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणून 16 मिलियन म्हणजे 1 कोटी 60 लाख. कोणी ते 16 लाख समजून घाबरतं, कोणी 16 हजार.

मोटिलिटी म्हणजे त्या डोक्यांपैकी किती चालती आहेत याची टक्केवारी. त्यातही जागच्या जागी शेपूट हलवणारे वेगळे आणि पुढे सरकणारे वेगळे. पुढे सरकणाऱ्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणतात. सगळ्या शुक्राणूंपैकी एकूण हलणारे निदान 42 टक्के आणि प्रोग्रेसिव्ह निदान 30 टक्के, ही मर्यादा. काही रिपोर्टवर वेगाने जाणारे आणि हळू जाणारे वेगळे छापतात. त्यातला "रॅपिड 12 टक्के" एवढाच आकडा पाहून हताश होऊ नका. वेगवान आणि हळू यांची बेरीज म्हणजे प्रोग्रेसिव्ह, आणि 30 शी तुलना त्या बेरजेची करायची.

या मर्यादा आल्या कुठून, हेही माहीत हवं. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशाच पुरुषांची तपासणी करून हे आकडे काढले. त्यांच्यातल्या शंभरातल्या पाचांचे आकडे या रेषेच्या खालीच होते, तरीही ते बाप झाले. उलट, रेषेच्या वर आकडा आला म्हणजे मूल होईलच, असंही नाही.

आता एक उदाहरण बघा. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. डोंबिवलीचा तेहतीस वर्षांचा गृहस्थ, लग्नाला तीन वर्षं. त्याचा पहिला रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा होता. व्हॉल्यूम 1.3 मिलिलिटर, कॉन्सन्ट्रेशन 9 मिलियन, एकूण मोटिलिटी 24 टक्के, प्रोग्रेसिव्ह 12. गुणाकार करू. 1.3 गुणिले 9 म्हणजे 11.7 मिलियन, त्याचे 12 टक्के म्हणजे पुढे सरकणारे जेमतेम 14 लाख. काउंट कमी आणि मोटिलिटीही कमी. दोघं थेट आयव्हीएफच्या खर्चाची चौकशी करायला निघाले होते.

मी विचारलं, "सॅम्पल कुठे दिलंत?" त्याने घरी घेतलं होतं. पाऊस, त्यात स्टेशनपर्यंत रिक्षा, मग एसी लोकल, उतरून पुन्हा चालणं. डबी बॅगेत, थंड पाण्याच्या बाटलीशेजारी. लॅबने काचेवर घेईपर्यंत पावणेदोन तास गेले होते. सॅम्पल आदर्शपणे अर्ध्या ते एक तासाच्या आत बघायला हवं. उशीर आणि गारवा यांनी शुक्राणू मंदावतात, म्हणून मोटिलिटी पडते. पण काउंट प्रवासाने घटत नाही. थांबलेला किंवा मेलेला शुक्राणूही मोजला जातोच.

मग काउंट का कमी? जरा थांबून, खाली बघत तो म्हणाला, "सुरुवातीचं थोडं डबीबाहेर गेलं. लाजेने सांगितलं नाही." वीर्याच्या पहिल्या धारेत शुक्राणूंची गर्दी सर्वांत जास्त असते, नंतरचा भाग मुख्यतः द्रवाचा. पहिला भाग गेला की व्हॉल्यूमबरोबर कॉन्सन्ट्रेशनही उतरतं. शेवटचे थेंब सांडले तर एवढा फरक पडत नाही. सांडलं तर फॉर्मवर "सुरुवातीचा भाग सांडला" असं लिहाच. आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

संबंध किंवा हस्तमैथुन किती दिवस टाळलं, हेही असंच. दोन ते सात दिवसांचा गॅप सांगतात. त्यापेक्षा कमी असेल तर काउंट कमी दिसतो. बारा-पंधरा दिवस असेल तर काउंट फुगतो, पण मोटिलिटी घसरू शकते, कारण साठून राहिलेले जुने शुक्राणू त्यात असतात. "जास्त दिवस थांबलो म्हणजे रिपोर्ट चांगला येईल" हा समज त्यामुळेच महागात पडतो. साबण, साधं कंडोम आणि वंगण हेही मोटिलिटीचे शत्रू आहेत.

या गृहस्थाच्या बाबतीत चूक सॅम्पल देण्यातली होती, म्हणून थांबायची गरज नव्हती. दोन आठवड्यांनी तो लॅबच्याच खोलीत आला, गॅप आधीसारखाच चार दिवसांचा. व्हॉल्यूम 2.6 मिलिलिटर, कॉन्सन्ट्रेशन 19, प्रोग्रेसिव्ह 34. म्हणजे एकूण 49.4 मिलियन आणि पुढे सरकणारे सुमारे 1 कोटी 68 लाख.

पण समजा त्याला दीड महिन्यापूर्वी डेंग्यूचा ताप येऊन गेला असता, तर दोन आठवड्यांनी केलेली टेस्ट फुकट गेली असती. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, आणि वृषणाशेजारच्या नळीतून बाहेर यायला आणखी आठवडा-दोन आठवडे. ताप ज्या शुक्राणूंना बाधतो ते कित्येक आठवड्यांनी रिपोर्टमध्ये दिसतात. अशा वेळी ताप उतरल्यापासून तीन महिन्यांनी टेस्ट करावी. उपचार सुरू केल्यावर त्याचा परिणाम बघायलाही तेवढाच काळ द्यावा लागतो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं. त्याने काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो आणि परत यायला कित्येक महिने लागतात.

आणि दोन नीट दिलेली सॅम्पलं सारखीच कमी आली तर? मग तपासणी कशाची, हे कुठला आकडा कमी आहे त्यावर ठरतं. काउंट खरोखर कमी असेल तर डॉक्टर वृषण हाताने तपासतात, व्हेरिकोसील म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा आहेत का ते बघतात, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सच्या टेस्ट मागवतात, आणि आकडा फारच खाली असेल तर गुणसूत्रांची तपासणी सांगतात. मोटिलिटी खूपच कमी असेल तर आधी व्हायटॅलिटी बघायची. न हलणारे शुक्राणू मेलेले आहेत की जिवंत असून हलत नाहीत, हे रंग टाकून कळतं. जिवंत असूनही बहुतेक हलत नसतील तर दोष शेपटीच्या रचनेत असू शकतो. सॅम्पलमध्ये एकही शुक्राणू दिसला नाही, तर मात्र तीन महिने वाट बघायची नाही. टेस्ट लगेच परत करायची आणि सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ बघायचा.

दुसरा रिपोर्ट घेताना डोंबिवलीच्या त्या गृहस्थाच्या बायकोने विचारलं, "मॅडम, मग पहिला रिपोर्ट चुकीचा होता का?" मी सांगितलं, "नाही. डबीत जे पोचलं ते त्यांनी बरोबर मोजलं. फक्त डबीत अर्धंच पोचलं होतं, तेही पावणेदोन तासांनी." मग दोन्ही कागद एकाखाली एक टाचले, पहिल्यावर पेनाने प्रवासाचा वेळ आणि सांडल्याची नोंद लिहिली, आणि त्यांना सांगितलं की डॉक्टरांना दोन्ही दाखवा, एकटा दुसरा नको.